काय मिळेल आणि काय मिळणार नाही

नाशिकला राहणारी माझी एक मैत्रीण लेबलं करते. खाण्याच्या वस्तूंच्या पाकिटांवरची लेबलं. दहा वर्षं तिनं एका छापखान्यात फाइली तपासण्याचं काम केलं, मग घरून स्वतःची कामं घ्यायला लागली. मसाले, पापड, लोणची, लाडू विकणारे लहान उत्पादक हे तिचं गिऱ्हाईक. इतके दिवस प्रत्येक कामाचा भाव वेगळा, बोलणी वेगळी, दुरुस्त्या किती याला सुमार नाही, असं चाललं होतं. गेल्या वर्षी तिनं ठरवलं की एक ठरावीक पॅकेज करायचं, त्याला नाव द्यायचं, किंमत ठरवायची आणि लिंक्डइनवर जाहीर करायचं.

तिनं लिहिलेली पहिली पोस्ट अशी होती :

“सांगायला अतिशय आनंद होतोय की आजपासून मी माझं नवं सर्व्हिस पॅकेज सुरू करत आहे! डिझाइन क्षेत्रातला दहा वर्षांचा अनुभव आणि दर्जाची हमी घेऊन तुमच्या ब्रँडला नवी ओळख द्यायला मी सज्ज आहे. लेबल, लोगो, ब्रोशर, सोशल मीडिया, सगळं एकाच ठिकाणी, परवडणाऱ्या दरात. अधिक माहितीसाठी मेसेज करा.”

लाइक भरपूर आले. खाली अभिनंदनांची रांग लागली. चौकशी मात्र एकच आली, आणि तीही लग्नपत्रिका करून मिळेल का, अशी. तिनं मला फोन केला, कारण मजकूर लिहून देणं हे माझं रोजचं काम आहे. पोस्ट वाचून मी तिला विचारलं, “पापड विकणाऱ्या बाईंनी हे वाचलं, तर त्यांना नेमकं काय विकत घ्यायचं आहे ते कळेल का?” ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “नाही कळणार. मलाच नीट ठरवता आलेलं नाही.”

बहुतेक वेळा घोटाळा इथेच असतो. पोस्ट फसते ती शब्दांमुळे नाही, तर पॅकेज अजून पक्कं झालेलं नसतं म्हणून. त्यामुळे आम्ही पोस्ट बाजूला ठेवली आणि वही उघडली.

आधी वही, मग पोस्ट

पॅकेज म्हणजे ठरलेलं काम, ठरलेल्या किमतीत, ठरलेल्या मुदतीत. यातली एक गोष्ट जरी मोकळी राहिली तरी ते पॅकेज राहत नाही, पुन्हा घासाघीस सुरू होते. तिनं मागची सहा कामं काढली आणि प्रत्येकात किती तास गेले ते आठवून लिहिलं. सरासरी अशी निघाली : उत्पादकाकडून माहिती गोळा करायला दोन तास, मजकूर मराठी आणि इंग्रजीत तयार करायला तीन, मांडणीला पाच, दुरुस्त्यांना तीन आणि छपाईची फाइल पक्की करायला एक. एकूण चौदा तास. तासाला ५०० रुपये तिला परवडत होते, म्हणजे ७,००० झाले. फोनवरची बोलणी, बिल, छापखान्याशी संपर्क, नमुना तपासणं हा वेळ तिनं आजवर कधीच मोजला नव्हता. त्याचे १,५०० धरून किंमत ठरली ८,५०० रुपये.

दुरुस्त्यांचा आकडा मात्र फसवा होता. तीन तास ही सरासरी होती. दोन कामांत तासाभरात काम आटपलं होतं आणि एका कामात सात वेळा बदल झाले होते, कारण आधी मुलाला रंग आवडला नाही, मग सुनेला अक्षर. म्हणून दुरुस्त्या दोनच फेऱ्यांत होतील असं ठरलं. प्रत्येक फेरीत सगळे बदल एकत्र कळवायचे. त्यानंतरच्या प्रत्येक फेरीला वेगळे पैसे.

मग आला सगळ्यात अवघड भाग : कशाला नाही म्हणायचं. लेबलचं काम घेतलं की लोक सहज म्हणतात, “लोगोपण करून टाका ना,” “एफएसएसएआयचं तुम्हीच बघा,” “छापून आणून द्या.” लोगो हे वेगळं काम आहे. परवाना उत्पादकाच्या नावानं निघतो आणि त्याचा चौदा आकडी क्रमांक लेबलवर छापावा लागतो. तो क्रमांक मिळवणं डिझायनरच्या हातात नसतं. पोषणमूल्यांचा तक्ता छापायचा तर आकडे अंदाजानं भरता येत नाहीत. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं लावायची असते, पण कोणता घटक किती घातला हे उत्पादकच सांगू शकतो. म्हणजे माहिती खरी असण्याची जबाबदारी त्याची आणि ती योग्य जागी, वाचता येईल अशी मांडण्याची जबाबदारी हिची. ही रेघ वहीत ओढली तेव्हाच पोस्टमध्ये काय लिहायचं ते दिसायला लागलं.

दिसणाऱ्या दोन ओळी

लिंक्डइनवर पोस्टला ३,००० अक्षरांची मर्यादा आहे, पण समोरच्याला सुरुवातीला तेवढं दिसत नाही. फीडमध्ये वरच्या दोन-तीन ओळी दिसतात आणि मग `…more` असं येतं. कॉम्प्युटरवर साधारण दोनशे अक्षरं दिसतात, मोबाइलवर त्याहून कमी. त्या खुणेवर बोट ठेवायचं की पुढे सरकायचं हे वाचणारा त्या दोन ओळींवरच ठरवतो.

देवनागरीत लिहिताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. आपण ज्याला एक अक्षर म्हणतो त्याचे कॉम्प्युटर तुकडे मोजतो. मूळ व्यंजन वेगळं, मात्रा वेगळी, पाय मोडल्याची खूणही वेगळी. ‘स्त्री’ हा शब्द डोळ्यांना एकाच अक्षराचा दिसतो, पण मोजणीत तो सहा भरतो : स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. त्यामुळे मराठी मजकूर वाटतो त्यापेक्षा लवकर मर्यादेला भिडतो. कागदावर मोजून भागत नाही, मोबाइलवर नजर टाकूनच पाहावं लागतं.

मैत्रिणीच्या पहिल्या पोस्टमध्ये ही सगळी मोलाची जागा तिच्या आनंदानं आणि अनुभवानं व्यापली होती. पापडवाल्या बाईंचा प्रश्न त्यात कुठेच नव्हता. मी तिला विचारलं, “लेबलमुळे तुझ्या गिऱ्हाइकाचं खरं नुकसान कधी झालेलं पाहिलंस?” तिनं क्षणात उत्तर दिलं. एका मसालेवाल्यानं छापील पाऊच करून घेतले होते. छान गर्द तांबडा रंग, मागची बाजू मजकुरानं गच्च. पाऊच आले, भरायला घेतले आणि मग लक्षात आलं की पॅकिंगची तारीख, बॅच नंबर आणि एमआरपी मारायला मोकळी जागाच ठेवलेली नाही. हे आकडे पाऊचबरोबर छापत नाहीत, कारण ते दर वेळी बदलतात. ते नंतर कोडिंग मशीननं किंवा हातशिक्क्यानं मारतात. त्यासाठी फिकट रंगाची, रिकामी चौकट आधीपासून सोडावी लागते. गर्द तांबड्यावर काळी शाई दिसत नाही. त्यांनी शेवटी प्रत्येक पाकिटावर पांढरा कागदी स्टिकर चिकटवला, आणि महिनाभर घरातली चार माणसं तेवढंच करत होती.

असे पाऊच मोठ्या संख्येनं छापतात तेव्हा प्रत्येक रंगासाठी वेगळा सिलिंडर कोरलेला असतो. चूक दुरुस्त करायची तर त्या रंगाचा सिलिंडर पुन्हा कोरावा लागतो आणि छापून झालेला माल वाया जातो. म्हणजे चुकीची किंमत लेबलच्या मजुरीपेक्षा कितीतरी जास्त असते. ज्यानं एकदा हा फटका खाल्लाय किंवा शेजाऱ्याला खाताना पाहिलंय, तो ‘मोकळी जागाच नाही’ हे शब्द वाचून थांबणारच.

म्हणून पहिली ओळ त्या प्रसंगाची केली. दुसऱ्या ओळीत हे कोणासाठी आहे, नाव काय, किंमत किती आणि दिवस किती, एवढं आलं. दोन्ही ओळी मिळून १६० अक्षरांच्या आत बसल्या. मध्ये रिकामी ओळ सोडली नाही, कारण वरच्या दृश्य भागात रिकामी ओळही जागा खाते.

किंमत लिहायची की नाही

यावर आमचा बराच वेळ गेला. तिची भीती अशी होती की किंमत वाचून लोक निघून जातील. मी म्हटलं, जातीलच. ज्याचा खर्च हजार-दीड हजाराच्या वर जाणार नाही तो आजच जाईल. किंमत लिहिली नाही तर तोच माणूस चार मेसेज करून, फोनवर वीस मिनिटं बोलून मग जाईल. ज्याला परवडतं तो मात्र किंमत नसलेल्या पोस्टला हात लावत नाही, कारण विचारलं की आपण गळाला लागलो असं त्याला वाटतं.

कामाला ठरावीक रूप आहे तिथे पूर्ण किंमत लिहावी. जिथे काम माणसागणिक खरोखर बदलतं, तिथे ‘पासून सुरू’ असं लिहून कशामुळे वाढते ते सांगावं. तिच्या बाबतीत वाढीचं एकच नेहमीचं कारण होतं : एकाच पदार्थाची वेगवेगळी वजनं. २०० ग्रॅमचं लेबल केलं की ५०० ग्रॅमच्या पाकिटावर ते तसंच ताणून बसवता येत नाही. निव्वळ वजनाचा आकडा बदलतो, लेबलचा आकार वाढला की अक्षरांची किमान उंचीही बदलू शकते, मांडणी पुन्हा करावी लागते. पण मजकूर तयार असतो, म्हणून पुढच्या प्रत्येक वजनाला २,००० रुपये ठरले. हे वाक्य पोस्टमध्ये घातलं.

‘परवडणाऱ्या दरात’ हे शब्द काढले. परवडतं की नाही हे घेणारा ठरवतो. ‘दर्जाची हमी’ही काढली, कारण त्या हमीत काय येतं हे तिलाही सांगता येत नव्हतं. ‘एफएसएसएआय मान्य लेबल’ असं लिहू नकोस, हेही मी तिला निक्षून सांगितलं. परवाना उत्पादकाचा असतो, डिझायनरच्या लेबलला तो मिळत नसतो. असं वाक्य गिऱ्हाइकाला खोटा भरवसा देतं आणि उद्या कुठे अडलं तर बोट हिच्याकडे वळतं.

शेवटी झालेली पोस्ट

“पाऊच छापून आले आणि मग कळलं, तारीख-बॅच नंबर मारायला मोकळी जागाच नाही.
घरगुती मसाले, पापड, लोणची विकणाऱ्यांसाठी ‘लेबल तयार’ पॅकेज: ८,५०० रुपये, १० कामाचे दिवस.

यात काय मिळेल : एका पदार्थाचं पुढचं-मागचं लेबल, मराठी आणि इंग्रजीत. घटक, निव्वळ वजन, एमआरपी, परवाना क्रमांक, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, ग्राहक तक्रारीचा पत्ता या सगळ्याची नियमाला धरून मांडणी. कोडिंगसाठी सोडलेली चौकट. दोन वेळा दुरुस्ती. छापखान्याला थेट देता येईल अशी फाइल.

यात काय नाही : लोगो, फोटो, छपाई, परवाना काढून देणं, पोषणमूल्यांची तपासणी. घटकांची माहिती तुम्ही द्यायची.

त्याच पदार्थाचं दुसरं वजन असेल तर प्रत्येकी २,००० रुपये. निम्मे पैसे सुरुवातीला, निम्मे फाइल देताना.

मी दहा वर्षं छापखान्यात फाइली तपासल्या आहेत. छपाईत काय अडतं ते मला आधी दिसतं.

या महिन्यात चार कामं घेणार आहे. सध्याच्या पाकिटाचे पुढून-मागून दोन फोटो मेसेजमध्ये पाठवा. काय राहिलंय ते दोन दिवसांत कळवते. पॅकेज घेतलंच पाहिजे असं नाही.”

दहा वर्षांचा अनुभव या पोस्टमध्येही आहे, पण तो खाली गेला आणि त्याला अर्थ आला. ‘दहा वर्षांचा अनुभव’ कोणीही लिहितं. छापखान्यात फाइली तपासल्या म्हटलं की तो अनुभव गिऱ्हाइकाच्या कोणत्या कामाचा ते दिसतं. ‘चार कामं’ हा आकडाही गर्दी जमवायला लिहिलेला नाही. एका कामाला चौदा तास लागतात आणि जुनी कामंही हातात आहेत, म्हणून महिन्याला चारच होतात. खोटी घाई दाखवली तर पुढच्या महिन्यात पुन्हा तीच ओळ टाकताना लोकांच्या लक्षात येतं.

शेवटच्या ओळीवर तिनं जास्त विचार केला. ‘संपर्क करा’ म्हटलं की वाचणाऱ्याला काय लिहून पाठवायचं ते सुचत नाही, आणि सुचलं नाही की तो उद्यावर टाकतो. दोन फोटो पाठवणं मात्र कोणालाही जमतं, पाकीट तर समोरच असतं. ते फोटो पाहून तिला काम किती आहे हे कळतं, आणि समोरच्याला हिची नजर कशी आहे हे पैसे देण्याआधी कळतं.

पोस्टबरोबर तिनं एकच चित्र लावलं : एका लेबलची मागची बाजू, तीन जागी बाण. गिऱ्हाइकाची परवानगी घेऊन आणि नाव-पत्ता झाकून. ठळक अक्षरांचा मोह तिनं टाळला. लिंक्डइनवर काही लोक ठळक दिसणारी इंग्रजी अक्षरं वापरतात. ती खरं तर गणितात वापरायची वेगळी चिन्हं असतात. अंध व्यक्तींसाठी मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला ती नीट वाचता येत नाहीत, आणि देवनागरीत तशी चिन्हं नाहीतच. ‘यात काय मिळेल’ आणि ‘यात काय नाही’ हे शब्द ओळीच्या सुरुवातीला आले की नजर तिथे आपोआप थांबते.

पोस्ट कोण वाचतं

पापड लाटून विकणाऱ्या बाई लिंक्डइनवर क्वचितच असतात, हे मैत्रिणीला माहीत होतं आणि तेच तिला खुपत होतं. पण तिथे असतात ती त्यांच्या आजूबाजूची माणसं : शेतकरी उत्पादक कंपनीचे व्यवस्थापक, पाऊच आणि बाटल्या विकणारे, अन्नप्रक्रियेचे सल्लागार, दुकानांसाठी माल खरेदी करणारे, आणि ज्याची आई किंवा मामी असा धंदा करते असा नोकरदार मुलगा. यांच्यापैकी कोणी तरी ही पोस्ट उचलून व्हॉट्सॲपवर पुढे पाठवणार. म्हणून मजकूर असा हवा की पाठवणाऱ्याला वर काहीही समजावून सांगावं लागू नये. कोणासाठी, किती पैसे, काय नाही, पुढे काय करायचं, हे सगळं त्यातच असावं. ‘प्रोफाइल बघा’ किंवा ‘लिंक पहिल्या कमेंटमध्ये’ असं लिहिलं की मजकूर पुढे गेल्यावर तो धागा तुटतो.

आणखी एक गोष्ट तिनं केली. पोस्ट आधी आपल्या जोडलेल्या माणसांपैकी काहींना दिसते, आणि त्यांनी लाइक किंवा कमेंट केली की त्यांच्या ओळखीतल्या काहींपर्यंत जाते. पहिल्या वेळी अभिनंदन करणारे बहुतेक डिझायनर होते, त्यामुळे पोस्ट डिझायनरांतच फिरली. दुसऱ्या पोस्टच्या आधी दोन आठवडे तिनं पाऊचवाले, छापखानेवाले आणि पूर्वीचे गिऱ्हाईक यांना जोडून घेतलं.

आलेले प्रश्न काय सांगतात

पोस्ट चालली की नाही हे लाइकवरून कळत नाही. ते येणाऱ्या प्रश्नांवरून कळतं. ‘किती घेता?’ असं विचारणारे पुष्कळ असतील तर किंमत दिसत नाहीये, किंवा खूप खाली आहे. ‘परवानापण काढून देता का?’ असं वारंवार आलं तर काय नाही ही ओळ अपुरी आहे. नुसती अभिनंदनं आली तर मजकूर गिऱ्हाइकाशी बोलत नाहीये, बरोबरीच्या लोकांशी बोलतोय. पोस्ट टाकल्यावरही मजकूर बदलता येतो, त्यामुळे पहिल्या दोन दिवसांत अशी फट दिसली तर ती तिथेच बुजवावी. किंमत मात्र मागे फिरून बदलू नये, कारण कोणी तरी ती वाचून पुढे पाठवलेली असते.

दुसऱ्या पोस्टला पहिल्यापेक्षा लाइक कमी आले. पहिल्या आठवड्यात तिला तिघांनी फोटो पाठवले. एकाच्या पाकिटावर शाकाहाराचं चिन्ह होतं पण घटकांची यादी नव्हती. दुसऱ्याचं बरंचसं ठीक होतं. तिनं तसं कळवलं आणि ते काम घेतलं नाही. तिसरा मेसेज सोलापूरच्या एका बाईंचा होता. भाच्यानं पोस्ट व्हॉट्सॲपवर पाठवली होती. त्यांनी शेंगदाण्याच्या चटणीच्या पाकिटाचे दोन फोटो जोडले होते आणि खाली लिहिलं होतं : “ताई, आमचं २०० ग्रॅम आणि ५०० ग्रॅम असं दोन आहे. लोगो आमच्याकडे आहे. म्हणजे १०,५०० झाले ना? सुरुवातीला ५,२५० पाठवू का?”

मैत्रिणीनं तो मेसेज मला दाखवला. पोस्टमध्ये जे लिहिलं होतं त्याचाच हिशेब बाईंनी घातला होता, आणि तो बरोबर होता.